फ्रिजमध्ये उकळतं काय?

फ्रिज सुरू असताना त्याच्या बाहेरच्या बाजूला हात लावून बघ. आजकालच्या बऱ्याच फ्रिजच्या बाजूच्या भिंती कोमट, कधी कधी चांगल्याच गरम लागतात. जुन्या फ्रिजच्या मागे काळ्या नळ्यांची जाळी असते, ती गरम लागते. आत बर्फ आणि बाहेर एवढी ऊब, असं का? कारण फ्रिज थंडी तयार करत नाही. थंडी नावाची वस्तूच नसते. फ्रिज आतल्या अन्नातली उष्णता काढतो आणि बाहेर स्वयंपाकघरात आणून टाकतो. तुझ्या हाताला लागलेल्या उबेत सकाळी आत ठेवलेल्या दुधाची उष्णताही आहे.

पण उष्णता आपणहून गरम जागेकडून थंड जागेकडेच जाते. मग फ्रिज तिला उलट्या दिशेने कसा नेतो?

त्यासाठी आधी चहाच्या आधणाकडे बघू. पाणी १०० अंशांना उकळायला लागलं, की गॅस कितीही मोठा केला तरी त्याचं तापमान वाढत नाही. शेगडीची उष्णता मात्र पाण्यात जातच असते. ती पाण्याची वाफ करण्यात खर्च होते. शाळेच्या पुस्तकात तिला अप्रकट उष्मा म्हणतात. म्हणजे उकळणारा द्रव भोवतालची पुष्कळ उष्णता शोषून घेतो, आणि वाफेचं पुन्हा पाणी होताना तेवढीच उष्णता बाहेर पडते. आता कुकर घे. झाकण लावून दाब वाढवला, की तेच पाणी १०० ऐवजी साधारण १२० अंशांना उकळतं. दाब वाढला की उकळण्याचं तापमान वाढतं आणि दाब कमी झाला की ते उतरतं. फ्रिजचं सगळं काम या दोन गोष्टींवर चालतं.

फक्त फ्रिजमध्ये पाणी वापरून भागत नाही. तिथे असा पदार्थ लागतो, जो बर्फाहूनही थंड असताना उकळेल. आपल्याकडच्या बऱ्याच नव्या फ्रिजमध्ये आयसोब्युटेन असतो. फ्रिजच्या मागच्या लेबलवर त्याचं नाव ‘आर-६००ए’ असं असतं. तो स्वयंपाकाच्या गॅसच्याच कुटुंबातला आहे. नेहमीच्या हवेच्या दाबाला तो उणे १२ अंशांच्या आसपास उकळतो. घरच्या फ्रिजमध्ये तो असतो जेमतेम ५० ग्रॅम, आणि तेवढाच बंद नळ्यांमधून वर्षानुवर्षं फिरत राहतो.

त्याच्याबरोबर एक फेरी मारू. फ्रीजरच्या पत्र्यामध्ये नळ्या असतात. तिथे दाब बाहेरच्या हवेच्या निम्म्याहून थोडासाच जास्त ठेवलेला असतो, म्हणून तिथे आयसोब्युटेन उणे २५ अंशांच्या आसपास उकळतो. त्याच्या मानाने उणे १० अंशांचा बर्फसुद्धा गरमच. त्यामुळे बर्फातली, भाजीतली, दुधातली उष्णता आपणहून त्याच्याकडे जाते. ती घेऊन त्याची वाफ होते.

ही वाफ कॉम्प्रेसरकडे जाते. फ्रिजच्या मागे खाली असलेला, घुंऽऽ आवाज करणारा काळा डबा म्हणजे कॉम्प्रेसर. तो वाफ दाबतो. दाब हवेच्या सहा-सात पट होतो आणि दाबल्यामुळे वाफ तापते. आता ती स्वयंपाकघरातल्या हवेपेक्षा गरम असते. पुढे ती बाजूच्या भिंतीतल्या किंवा मागच्या जाळीतल्या नळ्यांमधून जाते. याला कंडेन्सर म्हणतात. एवढ्या दाबाखाली ती ४५-५० अंशांनाच पुन्हा द्रव होते आणि आतून आणलेली उष्णता खोलीतल्या हवेला देऊन टाकते. म्हणजे उष्णता दोन्ही वेळा गरमकडून थंडकडेच गेली. फ्रिजने फक्त दाब बदलून आयसोब्युटेनला आत थंड आणि बाहेर गरम केलं.

आता या द्रवाला पुन्हा फ्रीजरमध्ये जायचं आहे. वाटेत तांब्याची एक लांब नळी लागते, तिला कॅपिलरी म्हणतात. तिचं भोक एक मिलिमीटरहूनही बारीक असतं. तिच्यातून जाताना द्रवाचा दाब उतरत जातो. पलीकडे कमी दाबात पोचताच त्यातला थोडा भाग लगेच उकळतो, त्यासाठी लागणारी उष्णता उरलेल्या द्रवातूनच घेतो आणि सगळं मिश्रण गार होतं. फेरी पुन्हा सुरू. कॉम्प्रेसर थांबला, की फ्रिजमधून कधी कधी खळखळ किंवा फसफस ऐकू येते. दोन्हीकडचे दाब कॅपिलरीतून सारखे होत असल्याचा तो आवाज आहे. त्याला काही मिनिटं लागतात, म्हणून फ्रिज बंद करून लगेच चालू करू नये. एका बाजूला दाब चढलेला असताना सुरू व्हायला कॉम्प्रेसरला फार जड जातं.

थोडा हिशेब करू. ३० अंशांचं एक लिटर पाणी ५ अंशांवर आणायचं, तर त्यातून २५ किलोकॅलरी उष्णता काढावी लागते. एक ग्रॅम आयसोब्युटेन एका फेरीत अंदाजे ६० कॅलरी उचलतो, म्हणजे ५० ग्रॅममध्ये तीन किलोकॅलरी. त्या एका बाटलीसाठी सगळ्या आयसोब्युटेनला आठ-नऊ फेऱ्या माराव्या लागतात. शिवाय कॉम्प्रेसरने खर्च केलेल्या विजेचीही उष्णता होते, ती समजा १५ किलोकॅलरी. खोलीत मग एकूण ४० किलोकॅलरी येतात. म्हणूनच फ्रिजचं दार उघडं ठेवून खोली गार होत नाही, उलट तापते. आतून घेतलेली उष्णता त्याच खोलीत परत येते आणि विजेची वर भर पडते.

कंडेन्सरला खोलीपेक्षा गरम राहावंच लागतं, हे लक्षात ठेव. मे महिन्यात नागपूरच्या स्वयंपाकघरात हवाच ४० अंशांवर गेली, की कॉम्प्रेसरला दाब आणखी चढवावा लागतो. फ्रिज भिंतीला चिकटवलेला असेल किंवा मागच्या जाळीवर धूळ बसली असेल, तर उष्णता बाहेर पडत नाही आणि कॉम्प्रेसर न थांबता चालत राहतो.

आतही असंच होतं. एकदारी फ्रिजच्या फ्रीजरमध्ये बर्फाचा जाड थर साचला, तर तो उष्णतेला नळ्यांपर्यंत पोचू देत नाही. अशा वेळी डीफ्रॉस्टचं बटण दाबून बर्फ वितळू द्यावा. सुरीने तो कधीच खरवडू नये. त्याखालचा ॲल्युमिनियमचा पत्रा पातळ असतो आणि आयसोब्युटेनच्या वाटा त्याच पत्र्यात असतात. सुरीचं टोक आत गेलं, की तो निसटतो. तो जळणारा वायू आहे. फुसकन आवाज आला तर ठिणगी किंवा ज्योत जवळ येऊ देऊ नये, फ्रिजच्या बटणांना हात लावू नये, खिडक्या उघडाव्यात आणि मोठ्या माणसांना सांगावं.

गळती हळूहळू होत असेल, तर ती ओळखायची खूण आहे. कॉम्प्रेसर चालूच असतो, पण बाहेरच्या भिंती गरम लागत नाहीत आणि फ्रीजरमध्ये एकाच कोपऱ्यात थोडंसं दव गोठतं, बाकीचा पत्रा कोरडा राहतो. अशा वेळी घरी आलेला मेकॅनिक ‘गॅस संपलाय, भरून देतो’ म्हणाला, तर त्याला ‘गळती कुठे आहे?’ असं जरूर विचार. शेगडीतला गॅस जळून संपतो. फ्रिजमधला जळत नाही, फक्त उकळतो आणि पुन्हा द्रव होतो. तो कमी झाला असेल, तर कुठून तरी बाहेर गेला आहे. ते भोक बुजवल्याशिवाय नवा भरला, तर तोही त्याच वाटेने जाईल.