वरणभात आणि प्रथिनांचा हिशेब

तांदळाच्या प्रथिनाला शंभरपैकी साठ-पासष्टच्या घरात गुण मिळतात आणि तुरीच्या डाळीलाही जवळपास तेवढेच, यास्तव त्यांच्या मिश्रणाचेही गुण तेवढेच असणार, असा समज सुशिक्षितांतही रूढ आहे. तो समज चुकीचा आहे, कारण हे गुण म्हणजे सरासरी काढावयाची रक्कम नव्हे.

जागतिक अन्न व कृषी संघटनेने २०१३ साली पुरस्कारलेल्या पद्धतीत प्रत्येक आवश्यक अमिनो आम्ल प्रथिनात किती आहे आणि लहान आतड्याच्या शेवटापर्यंत त्यातले किती शोषले जाते, हे पाहून ते शरीराच्या गरजेशी ताडतात, आणि जे आम्ल सर्वांत कमी पडते तेच त्या अन्नाचे गुण ठरवते. प्रौढाला दर ग्रॅम प्रथिनामागे ४८ मिलिग्रॅम लायसीन लागते. तांदळातून पचून मिळते ते तिसाच्या आसपास. डाळीत लायसीन मुबलक, परंतु मेथिओनीन व सिस्टीन ही गंधकयुक्त आम्ले अपुरी, आणि नेमकी तीच तांदळात पुरेशी. दोघांचे गुण कमी पडतात ते निरनिराळ्या कारणांनी.

आता ७५ ग्रॅम तांदूळ आणि २५ ग्रॅम तूरडाळ, दोन्ही कोरडी, असे एक ताट घेऊ. दोघांकडून मिळून सुमारे पावणेअकरा ग्रॅम प्रथिने येतात, आणि त्यांतील जवळजवळ निम्मी डाळीची असतात. तेवढ्या प्रथिनाला सुमारे ५१५ मिलिग्रॅम लायसीन हवे. पचून मिळते ते तांदळाकडून १६० आणि डाळीकडून ३१०, म्हणजे एकूण ४७०. गंधकयुक्त आम्लांची गरज तर पुरी होऊन थोडी शिल्लकही राहते. अर्थात मिश्रणाचे गुण नव्वदीच्या आसपास जातात.

परंतु वरणभात म्हणजे आपोआप परिपूर्ण आहार, हा दुसरा समजही तितकाच भ्रामक आहे. हेच ताट ९० ग्रॅम तांदूळ आणि १० ग्रॅम डाळीचे केले, म्हणजे आपल्या अनेक घरांतील पातळ वरणाचे केले, तर गुण पंचाहत्तरीच्या आसपास उतरतात, आणि एकूण प्रथिनेही साडेआठ ग्रॅमवर येतात. या दुसऱ्या घसरणीकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही, आणि मला तीच अधिक गंभीर वाटते. गुण दर्जा सांगतात, परिमाण सांगत नाहीत. साठ किलो वजनाच्या प्रौढाला दिवसाला सुमारे ५० ग्रॅम चांगली प्रथिने हवीत; उत्तम प्रमाणातली अशी दोन ताटेही एकवीस-बावीस ग्रॅमच देतात, म्हणून उरलेली भर दूध, दही, उसळ, अंडी किंवा मासळी यांनी घालावी लागते.

दोन्ही पदार्थ एकाच घासात असलेच पाहिजेत, हा आग्रहही निराधार आहे; दिवसभरातील जेवणांत मिळून ते आले तरी प्रौढाला पुरते.

तेव्हा आज स्वयंपाकाला बसण्यापूर्वी कोरडी डाळ एकदा वाटीने मापून पाहा: तीन वाट्या तांदळाला एक वाटी डाळ.