पाळी बदलताना चार वयांची टीम

तीन पाळ्यांत चालणाऱ्या कारखान्यातला मेंटेनन्स विभाग पाहिला, तर एकाच टीममध्ये चार वयांची माणसं सहज सापडतात. निवृत्तीला टेकलेले फिटर, त्यांना सगळे काका म्हणतात. पंचेचाळिशीचे सुपरवायझर साहेब. तिशी ओलांडलेल्या इंजिनिअर मॅडम. आणि बावीस वर्षांचा अप्रेंटिस. चौघांच्या बोलण्याच्या सवयी वेगळ्या असतात. त्या फरकाची खरी किंमत कळते ती एक पाळी सुटून दुसरी लागते तेव्हा, कारण मशीन चालूच असतं आणि त्याची खबर माणसाकडून माणसाकडे जायची असते.

नमुन्यादाखल एक रात्र घेऊ. दुसरी पाळी संपत आली आहे. हायड्रॉलिक प्रेसच्या पंपाचा आवाज काकांना खटकतो. ते टाकीतल्या तेलाची पातळी पाहतात, ती बरोबर असते. सक्शनची जाळी पाहतात, ती स्वच्छ असते. म्हणजे बेअरिंग जायला लागलंय. ते प्रेशर थोडं उतरवतात आणि अप्रेंटिसला सांगतात, “पोरा, पुढच्यांना सांग, रात्री याला फुल लोडवर घेऊ नका.” रजिस्टरमध्ये मात्र ते नेहमीप्रमाणे ‘ओके’ लिहून सही करतात. पोरगा ग्रुपवर व्हॉइस नोट टाकतो. घरी पोचलेले साहेब ती अर्धवट ऐकतात आणि अंगठा दाखवतात. तिसऱ्या पाळीचा ऑपरेटर कामाच्या घाईत व्हॉइस नोट उघडत नाही. त्याला फक्त अंगठा दिसतो आणि साहेबांनी परवानगी दिली असं त्याला वाटतं. पहाटे चारला पंप जाम होतो. सकाळी मॅडम सिस्टिम उघडतात, ईमेल पाहतात, तर कुठेही नोंद नाही.

“मला कुणी सांगितलं का नाही?” या त्यांच्या प्रश्नाला चौघांकडे प्रामाणिक उत्तर आहे. काकांनी तोंडानं सांगितलं होतं. पोरानं ग्रुपवर टाकलं होतं. साहेबांनी ‘पाहिलं’ म्हणून अंगठा दिला होता. मॅडमच्या हिशेबी सिस्टिममध्ये नाही ते घडलंच नाही. प्रत्येकानं आपल्या सवयीप्रमाणे निरोपाचं कर्तव्य पार पाडलं, तरी पंप गेलाच.

अशा वेळी मॅनेजर पिढ्यांना दोष देऊन मोकळे होतात. म्हाताऱ्यांना मोबाईल जमत नाही, पोरांना जबाबदारी नाही, वगैरे. बूमर, जेन एक्स, मिलेनियल, जेन झी या चिठ्ठ्या चिकटवणारी शिबिरंही भरतात. अमेरिकेच्या नॅशनल अकॅडमीज या संस्थेनं यावरचं संशोधन तपासून 2020 साली अहवाल काढला. माणसांना पिढ्यांच्या कप्प्यांत घालून कामाचं व्यवस्थापन करण्याला त्यात भक्कम पुरावा मिळाला नाही. आपल्या उदाहरणातही थोडं खरवडलं की वयाखाली दुसरंच कारण निघतं.

काका ‘ओके’ का लिहितात? रजिस्टरचे रकाने इंग्रजीत छापलेले असतात आणि वरचे साहेब इंग्रजीत लिहितात. चूक लिहून हसं करून घेण्यापेक्षा ‘ओके’ बरं. तेच रकाने मराठीत छापा. ‘आवाज, वास, गळती, तात्पुरतं काय केलंय, पुढच्या पाळीनं काय करू नये’ असे साधे प्रश्न घाला, आणि मराठीत लिहायची उघड मुभा द्या. ज्या माणसाला पंपाच्या आवाजावरून बेअरिंग कळतं, त्याच्याकडे लिहिण्यासारखं भरपूर असतं.

अप्रेंटिस जीव ओतत नाही असं म्हणतात. त्याची मुदत पाहा. बहुतेकदा वर्षभराचा करार, पुढे कायम करतील याची शाश्वती नाही. अशा मुलाला ‘का’ ते सांगितलं नाही, तर तो फक्त निरोप्या राहतो. फुल लोड का नको, बेअरिंग गेलं तर शाफ्टचं काय होतं, हे काकांनी पंपापाशी उभं राहून दोन मिनिटांत दाखवलं असतं, तर तो तिसऱ्या पाळीच्या ऑपरेटरला शोधत गेला असता.

मॅडम रात्री ग्रुप पाहत नाहीत, कारण घरी लहान मूल आहे आणि ग्रुपवर दिवसभर वाढदिवसाचे केकही येत असतात. साहेबांना मात्र केव्हाही फोन आला तरी चालतो, किंबहुना तो आला नाही तर मान राखला नाही असं वाटतं. दोघांच्याही अपेक्षा रास्त आहेत. त्या एकमेकांना कधी सांगितलेल्याच नसतात.

म्हणून टीमनं माणसाच्या वयावरून ठरवू नये, निरोपाच्या वजनावरून ठरवावं. जिवाला किंवा मशीनला धोका असेल तर मशीनवर टॅग, आणि येणाऱ्याला समोरासमोर सांगणं. साहेबांना फोन, मग रात्रीचे कितीही वाजलेले असोत. मशीनची अवस्था पाळीच्या रजिस्टरमध्ये. दुरुस्तीची पक्की नोंद सिस्टिममध्ये. ती काकांनी टाईप करायची गरज नाही, त्यांनी सांगायची आणि अप्रेंटिसनं भरायची. ग्रुपवर फक्त रजा, बसची वेळ, कॅंटीन. अंगठ्याचा अर्थ ‘पाहिलं’ एवढाच. परवानगी द्यायची तर शब्दांत आणि नावानिशी.

समोरासमोर सांगतानाही एक पायरी हमखास गळते. ऐकणाऱ्यानं ऐकलेलं परत बोलून दाखवायचं. विमानाचे पायलट कंट्रोल टॉवरच्या सूचना अशाच उलट वाचून दाखवतात. इथं अडचण मानाची येते. बावीस वर्षांच्या पोरानं काकांना “परत सांगा, म्हणजे कळलं का ते बघतो” असं म्हणणं आपल्याकडे उद्धटपणा ठरेल. म्हणून हा नियम आधी साहेबांनी स्वतःला लावावा. “काका, तुम्ही सांगितलेलं मी परत म्हणतो, चुकलं तर दुरुस्त करा,” असं साहेबच म्हणू लागले, की कुणाचा अपमान उरत नाही. काकांची चूक चारचौघांत काढू नये हेही याच सोबतीनं पाळायचं.

ही नुसती शिस्तीची हौस नाही. 6 जुलै 1988 रोजी उत्तर समुद्रातल्या पायपर अल्फा या तेल-वायूच्या फलाटावर स्फोट होऊन 167 माणसं गेली. दुरुस्तीसाठी एका पंपाचा सुरक्षा व्हॉल्व्ह काढलेला होता. ती खबर रात्रीच्या पाळीपर्यंत पोचली नाही, आणि दुसरा पंप बंद पडल्यावर त्यांनी तोच पंप सुरू केला. कागद लिहिलेला होता, ज्यांना हवा होता त्यांच्यासमोर तो नव्हता.

या पद्धतीला एक मर्यादा आहे. येणारी पाळी ठोक्याला येते आणि जाणारी ठोक्याला बस पकडते. मशीनपाशी दोघं भेटायला दहा मिनिटं लागतात. ती दहा मिनिटं कामाची धरून त्यांचे पैसे दिले नाहीत, तर पहिल्या आठवड्यात उत्साह दिसतो आणि नंतर पुन्हा चालता चालता निरोप सुरू होतात. बस दहा मिनिटं उशिरा सोडणं हा निर्णय मॅनेजरच घेऊ शकतो, काका किंवा अप्रेंटिस नाही.

तुमच्याकडे हे कितपत बिघडलंय ते पाहायचं असेल तर पाळीचं रजिस्टर काढा आणि गेल्या महिन्याची पानं चाळा. ओळीनं ‘ओके, ओके’ दिसत असेल आणि त्याच महिन्यात तेच मशीन पाळी बदलल्यावर तासा-दोन तासांत बंद पडलेलं असेल, तर पिढ्यांचं शिबिर भरवू नका. आधी रजिस्टर मराठीत छापून घ्या आणि बसची वेळ बदला.