साठ रुपयांची बेरीज

बचत खात्यावरचं व्याज १ एप्रिल २०१० पासून रोजच्या शिलकेवर मोजलं जातं. हा हिशेब सहसा रात्री, दिवसाचे व्यवहार बंद झाल्यावर, एक प्रोग्राम आपोआप करतो. तो मध्येच बंद पडला तर? २०१२ च्या जूनमध्ये ब्रिटनच्या आरबीएस बँकेत अशी रात्रीची कामं लावणारं सॉफ्टवेअरच बिघडलं. ६५ लाखांहून अधिक ग्राहकांना त्याची झळ बसली आणि २०१४ मध्ये बँकेला ५ कोटी ६० लाख पौंड दंड झाला.

म्हणून असा प्रोग्राम तपासताना तो मुद्दाम पाडावा लागतो. समजा, चाचणीसाठी दहा खाती उघडली, प्रत्येकात ७३,००० रुपये. तीन टक्क्यांनी एका दिवसाचं व्याज बरोबर ६ रुपये, म्हणजे एकूण ६०. आता सातव्या खात्यात व्याज जमा होताच प्रोग्राम मारायचा आणि पुन्हा चालवायचा. बेरीज ६० च यायला हवी. १०२ आली तर त्याने सगळं पहिल्यापासून केलं. ६६ आली तर दोष जास्त बारीक आहे: व्याज जमा झालं, पण ‘सातवं खातं झालं’ ही खूण करायच्या आत प्रोग्राम मेला, त्यामुळे सातव्याला दुप्पट मिळालं. खूण आधी आणि व्याज नंतर असा क्रम असेल, तर त्याच जागी पाडल्यावर ५४ येतात. जमा आणि खूण दोन्ही एकाच व्यवहारात, होतील तर एकत्र नाहीतर एकही नाही, अशी बांधली की हा दोष जातो. नुसत्या बेरजेवर मात्र विसंबू नये. एकाला दोनदा मिळून दुसरा सुटला तरी ६० च येतात. प्रत्येक खातं वेगळं पाहायलाच हवं.

एखादी रात्र पूर्णच हुकली तर परीक्षा वेगळी. १४ आणि १५ तारखेला प्रोग्राम चालवायचाच नाही. १५ ला एका खात्यातून निम्मे पैसे काढायचे आणि १६ च्या रात्री तिन्ही दिवसांचं काम एकदम करायला लावायचं. त्या खात्याचं व्याज ६, ३ आणि ३, असे १२ रुपये व्हायला हवं. ९ झालं, तर प्रोग्रामने मागच्या दिवसांनाही आजचीच शिल्लक लावली. नुसते ३ आले, तर त्याला हुकलेल्या रात्री कळल्याच नाहीत. क्रॉनसारखं साधं वेळापत्रक मशीन बंद असताना सुटलेलं काम स्वतःहून भरून काढत नाही.

राहिलं एकावर एक चढणं. पहिली फेरी चालू असताना दुसरी सुरू केली, तर तिने कुलूप पाहून थांबायला हवं. पण चाचणी इथे संपवू नये. पहिलीला अर्ध्यात मारून कुलूप उघडतं का, तेही पाहावं. ते तसंच राहिलं, तर उद्याची फेरी ‘आधीची चालू आहे’ असं समजून गुपचूप परत फिरेल आणि कुठेही चूक म्हणून नोंद होणार नाही.