वारा पडलेला, तरी समुद्रात लाटा कुठून येतात?

कोल्हापूरहून सुट्टीला कोकणात निघताना आपण मोबाईलवर पाऊस बघतो, फार तर वारा. मी मात्र 'विंडी' उघडून स्वेलचा पिरियड बघतो, म्हणजे एका लाटेनंतर दुसरी किती सेकंदांनी येते ते. का, ते सांगतो.

आपल्या रंकाळ्यावर वारा कितीही सुटू दे, लाट गुडघ्याच्या वर जात नाही. कारण वाऱ्याला पाणी ढकलायला सलग जागा मिळते ती जेमतेम किलोमीटरभर. या अंतराला 'फेच' म्हणतात. वेगवान वारा, बराच वेळ आणि लांब फेच, तिन्ही जमलं तरच लाट मोठी होते.

हे तिन्ही हमखास जमतं ते अंटार्क्टिकाभोवतीच्या दक्षिण महासागरात. तिथल्या वादळातून निघालेल्या लाटा वारा मागे सोडून पुढे सरकत राहतात. हाच स्वेल. वाटेत लांब लाटा पुढे जातात, आखूड मागे पडतात. 14 सेकंदांचा स्वेल ताशी साधारण 39 किलोमीटरने येतो. म्हणजे सात हजार किलोमीटरवरच्या वादळाची लाट आठवड्याभराने कोकणात पोहोचते. तेव्हा इथे पानही हलत नसेल!

आता ॲपवर दोन दिवस दिसतात. दोन्हीकडे लाट 1 मीटर, पण एकीकडे पिरियड 5 सेकंद, दुसरीकडे 14. सारखंच वाटतं ना? खोल पाण्यात पहिल्या लाटेची लांबी सुमारे 39 मीटर असते, दुसरीची 300 मीटरच्या वर. लांबीच्या निम्म्या खोलीला लाट तळाला 'टेकते'. म्हणजे पहिली वीस मीटर पाण्यात, दुसरी दीडशे मीटर पाण्यातच. तळ लागला की लाटेचा वेग मंदावतो, मागचं पाणी चढतं आणि उंची वाढते. उथळ किनाऱ्याशी सरळ आली तर पहिली फुटताना सव्वा मीटरच्या आत राहते, दुसरी पावणेदोन मीटरपर्यंत जाते. शिवाय स्वेलच्या मोठ्या लाटा गटागटाने येतात, मध्ये काही मिनिटं समुद्र अगदी गरीब दिसतो. लोक नेमके तेव्हाच आत शिरतात.

लाट फुटते कशी, हे तळ ठरवतो. पाण्याची खोली लाटेच्या उंचीच्या सव्वापट-दीडपट उरली की माथा पुढे कोसळतो. मंद उताराच्या वाळूवर तो फेसाळत हळूहळू सांडतो, शिकाऊ सर्फरला हेच हवं. उतार तीव्र असेल तर माथा कमानीसारखा पुढे पडतो, आत पोकळ नळी तयार होते. 2024 च्या ऑलिंपिकचं सर्फिंग ज्या ताहितीतल्या तेआहुपोला झालं, तिथे खोल समुद्रातून प्रवाळाचा खडक एकदम वर येतो, म्हणून ती जाडजूड नळी. गणपतीपुळ्यालाही समुद्र पटकन खोल होतो, त्यामुळे लाट अगदी काठाशी येऊन आदळते आणि परतणारं पाणी पायाखालची वाळू ओढून नेतं.

एक मर्यादा मात्र आहे. ॲपचा आकडा खुल्या समुद्रातला असतो, तुमच्या किनाऱ्याचा उतार त्यात नसतो. तो काठावर उभं राहून, लाटांचे दोन-तीन गट बघूनच कळतो.