चित्रातली पेशी खरी केवढी?

कांद्याच्या पापुद्र्याचं चित्र शाळेच्या प्रयोगवहीत बहुतेकांनी काढलेलं असतं. चित्राला बाण काढून केंद्रक, पेशीभित्तिका अशी नावं दिलेली असतात आणि कोपऱ्यात '१००×' लिहिलेलं असतं. त्या जागी हा आकडा सहसा चुकीचा असतो. सूक्ष्मदर्शकातून बघताना पेशी शंभर पट मोठी दिसत होती, एवढं खरं. पण वहीत ती कुणी बोटाएवढी काढतं, कुणी पानभर. दोन्ही चित्रं शंभर पट कशी असतील?

हा घोळ सुटायला आधी त्या शंभराचा अर्थ पाहू. सूक्ष्मदर्शकात दोन ठिकाणी भिंगं असतात. नमुन्याजवळच्या भिंगाला प्रयोगशाळेत ऑब्जेक्टिव्ह म्हणतात, डोळ्याजवळच्याला आयपीस. ऑब्जेक्टिव्ह नमुन्याची मोठी प्रतिमा नळीत तयार करतं आणि आयपीस त्या मोठ्या झालेल्या प्रतिमेलाच पुन्हा मोठं करून दाखवतं. म्हणून दोन्हींवर कोरलेल्या आकड्यांचा गुणाकार करायचा. आयपीस १०× आणि ऑब्जेक्टिव्ह १०× असेल तर एकूण विशालन १००. ऑब्जेक्टिव्ह ४०× लावलं तर ४००.

पण शंभर पट म्हणजे कशाच्या शंभर पट? तीच वस्तू नुसत्या डोळ्यांनी पंचवीस सेंटिमीटर अंतरावर धरली असती तर जेवढी दिसली असती, त्याच्या शंभर पट. हा हिशेब डोळ्याला काय दिसतं त्याचा आहे. कागदावर पेन्सिलीने किती मिलिमीटर लांब रेघ ओढली गेली, याची त्यात कुठेच नोंद नाही. त्यामुळे चित्राचं विशालन वेगळं काढावं लागतं आणि त्यासाठी एक गोष्ट हातात लागते: नमुन्याची खरी लांबी.

ही लांबी काढण्याची एक सोपी रीत रॉबर्ट हूकने १६६५ साली 'मायक्रोग्राफिया' या ग्रंथात वापरली होती. बुचाच्या पातळ कापातल्या कप्प्यांना त्याने 'सेल' हे नाव दिलं, हे आपण शिकलेलो असतो. त्याने ते कप्पे मोजलेही होते, हे मात्र फारसं सांगितलं जात नाही. एका इंचाच्या अठराव्या भागात एकापुढे एक सुमारे साठ कप्पे बसतात, असं त्याने लिहून ठेवलं. म्हणजे एका इंचात सुमारे १०८०. एक इंच २५.४ मिलिमीटरचा, तेव्हा एक कप्पा सुमारे ०.०२३५ मिलिमीटर, म्हणजे साडेतेवीस मायक्रोमीटरचा झाला. मिलिमीटरचा हजारावा भाग म्हणजे मायक्रोमीटर. जुनी माणसं त्याला मायक्रॉन म्हणतात. हूकचं चित्र पुस्तकात कितीही मोठं छापलं, तरी त्याने दिलेल्या मोजणीतून आपण आजही मूळ आकाराशी पोचू शकतो. मला त्याच्या सुंदर चित्रांइतकंच हे साधं वाक्य मोलाचं वाटतं.

हीच रीत कांद्याला लावू. आयपीसमधून जो उजळ गोल दिसतो त्याला दृष्टिक्षेत्र म्हणतात. त्याचा व्यास कळला की त्यात किती पेशी बसतात ते मोजून एका पेशीची लांबी निघते. सर्वांत कमी ताकदीचं ४× ऑब्जेक्टिव्ह लावून स्लाइडच्या जागी पारदर्शक प्लास्टिकची पट्टी ठेवा. एका मिलिमीटर-रेघेची कड गोलाच्या एका टोकाला नेमकी लावा आणि दुसऱ्या टोकापर्यंत वाचा. समजा ४.५ मिलिमीटर भरले. १०× ऑब्जेक्टिव्हखाली पट्टी ठेवून उपयोग नाही, कारण तिथे जेमतेम दोन रेघा दिसतात आणि त्याही जाड खांबांसारख्या. तिथे गणित करायचं. ऑब्जेक्टिव्हची ताकद जितक्या पट वाढते तितक्या पट दृष्टिक्षेत्र लहान होतं. ४ वरून १० म्हणजे अडीच पट, म्हणून ४.५ भागिले २.५, म्हणजे १.८ मिलिमीटर. काही आयपीसवर '१०×/१८' असं कोरलेलं असतं. त्यातल्या १८ ला ऑब्जेक्टिव्हच्या १० ने भागलं तरी हेच १.८ येतात, म्हणजे पडताळाही होतो.

आता पापुद्र्याची स्लाइड १०× ऑब्जेक्टिव्हखाली ठेवा. पेशींची लांबी व्यासावर येईल अशी ती फिरवा आणि गोलाच्या मधोमध एकापुढे एक किती पेशी बसतात ते मोजा. समजा सहा बसल्या. १.८ ला सहाने भागलं की ०.३ मिलिमीटर, म्हणजेच ३०० मायक्रोमीटर. कांद्याच्या पेशी सारख्या लांबीच्या नसतात, म्हणून दोन-तीन ठिकाणी मोजून सरासरी घ्यावी. मोजणीची रेघ व्यासावरून न जाता कडेने गेली तर लांबी कमी असताना आपण ती १.८ धरतो आणि पेशी आहे त्यापेक्षा मोठी ठरते.

सरासरीएवढी एक पेशी निवडून वहीत काढली आणि पट्टीने मोजली, तर समजा ती ९० मिलिमीटर भरली. चित्राचं विशालन म्हणजे चित्रातली लांबी भागिले खरी लांबी. ९० मिलिमीटरला ०.३ मिलिमीटरने भागलं की ३०० येतात. सूक्ष्मदर्शकाचं विशालन १००, आपल्या चित्राचं ३००. दोन्ही आकडे खरे आहेत, पण चित्राखाली लिहायचा तो ३००. चित्र प्रमाणात काढलं असेल तर याच आकड्याने बाकीची मापंही निघतात. पेशीची रुंदी चित्रात १८ मिलिमीटर असेल तर खरी ६० मायक्रोमीटर; केंद्रक साडेचार मिलिमीटरचं असेल तर खरं १५ मायक्रोमीटर. मनाने ठळक दिसावं म्हणून केंद्रक मोठं काढलं असेल, तर मात्र कोणतंही गणित ते दुरुस्त करू शकत नाही.

इथपर्यंत सगळं ठीक. पण हे पान कुणी झेरॉक्स करताना लहान केलं, की चित्र आकसतं आणि खाली लिहिलेलं '३००×' तसंच राहतं. आता चित्रातली पेशी ६३ मिलिमीटर भरते. तिला ३०० ने भागलं तर २१० मायक्रोमीटर येतात. वाचणाऱ्याने काहीही न चुकता पेशी जवळजवळ एक तृतीयांशाने लहान केली. यावर उपाय म्हणजे स्केल बार. नकाशाच्या तळाशी किलोमीटर दाखवणारी रेघ असते, तशीच ही चित्राशेजारची छोटी रेघ. तिच्यावर ती खऱ्या जगातली किती लांबी दाखवते ते लिहिलेलं असतं. आपलं चित्र ३०० पट आहे, तर १०० मायक्रोमीटर, म्हणजे ०.१ मिलिमीटर, कागदावर ३० मिलिमीटरचे होतात. ३० मिलिमीटरची आडवी रेघ काढायची आणि तिच्याखाली '१०० µm' लिहायचं.

आता झेरॉक्स कितीही लहान करा. पेशीबरोबर रेघही त्याच प्रमाणात आकसते. लहान झालेल्या प्रतीत रेघ मोजली, ती २१ मिलिमीटर निघाली. पेशी ६३ मिलिमीटर. ६३ भागिले २१ म्हणजे तीन. पेशी स्केल बारच्या तिप्पट, म्हणून ती ३०० मायक्रोमीटरचीच. विशालन जाणून घेण्याची गरजही पडली नाही. तरीही कुणी विचारलंच, तर २१ मिलिमीटरला ०.१ मिलिमीटरने भागून या प्रतीचं विशालन २१० आहे हे सांगता येतं. पुस्तकातल्या, फळ्यावर प्रोजेक्टरने टाकलेल्या किंवा मोबाइलवर बोटांनी मोठ्या केलेल्या चित्राला हीच रीत लागते. अट एवढीच की रेघ आणि पेशी एकाच प्रतीवर, एकाच वेळी मोजायची.

या हिशेबात सर्वांत जास्त चुका एककात होतात. ९० मिलिमीटरला थेट ३०० मायक्रोमीटरने भागलं तर विशालन ०.३ येतं. एकापेक्षा कमी विशालन म्हणजे चित्र पेशीहून लहान आहे असा अर्थ, आणि तो अशक्य आहे. अशी चूक तिथेच पकडता येते. भागाकाराआधी दोन्ही मापं मायक्रोमीटरमध्ये आणणं उत्तम: ९०,००० भागिले ३००. उलट बाजूने, कांद्याच्या पेशीचं उत्तर ०.३ मायक्रोमीटर आलं तर ती बहुतेक जिवाणूंपेक्षाही लहान ठरते. हजाराचा गुणाकार राहिला, हे समजावं.

दुसरी चूक सावकाश होते. पट्टीवर अर्ध्या मिलिमीटरची गफलत कुणाचीही होऊ शकते. ३० मिलिमीटरच्या रेघेवर ती दीड-दोन टक्क्यांची चूक ठरते. रेघ पाच मिलिमीटरचीच असेल तर तीच गफलत दहा टक्क्यांवर जाते आणि पुढच्या प्रत्येक उत्तरात उतरते. म्हणून स्केल बार फार आखूड काढू नये, पण त्याचा आकडा ५०, १००, २०० असा सोपा असावा. '८७ µm' लिहिलेली रेघ बरोबर असली तरी वाचणाऱ्याला विनाकारण त्रास देते. चित्र संगणकावर नुसतं आडवं ताणलं गेलं असेल, तर आडवी रेघ उभ्या मापांसाठी खोटी ठरते. गोल दृष्टिक्षेत्र अंडाकृती दिसलं की हे ओळखता येतं.

हल्ली अनेकजण आयपीसला मोबाइल लावून फोटो घेतात. त्यातही स्केल बार घालता येतो. मोबाइलचा झूम न हलवता आधी ४× खाली पारदर्शक पट्टीचा फोटो घ्यावा, मग त्याच ऑब्जेक्टिव्हखाली नमुन्याचा. पहिल्या फोटोतल्या एका मिलिमीटरची लांबी दुसऱ्या फोटोवर उतरवली की १००० मायक्रोमीटरचा बार तयार होतो. १०× ऑब्जेक्टिव्ह लावलं तर तीच रेघ ४०० मायक्रोमीटरची मानावी. मिलिमीटर मोजताना एका रेघेच्या डाव्या कडेपासून पुढच्या रेघेच्या डाव्या कडेपर्यंत मोजावं. डाव्या कडेपासून उजव्या कडेपर्यंत मोजलं तर रेघेची जाडीही त्यात धरली जाते आणि या विशालनात ती जाडी मिलिमीटरचा चांगलाच मोठा हिस्सा असते.