कर्ज स्वस्त, मग सगळा धंदा कर्जावरच का नको? भांडवलाचा सरासरी खर्च आणि कंपनीची किंमत

कंपनीची किंमत कशी काढायची या व्हिडिओनंतर सगळ्यात जास्त विचारला गेलेला प्रश्न असा होता: "सर, बँकेचं कर्ज 10 टक्क्यांनी मिळतं. मालकाच्या पैशावर 15 टक्के मोजा असं तुम्ही सांगता. मग मालकाचा पैसा काढून घ्यावा आणि सगळं कर्जच करावं, कंपनीची किंमत वाढेल ना?"

प्रश्न बरोबर आहे आणि उत्तर अर्धं 'हो' आहे. उरलेलं अर्धं समजलं नाही तर मोठं नुकसान होतं. आज तेवढंच नीट बघू.

आधी एक गोष्ट पक्की करू

आपल्याकडे बरेच लोक म्हणतात, "माझा स्वतःचा पैसा आहे, त्याला कुठे व्याज लागतं?" व्याज लागत नाही, पण खर्च लागतो. तोच पैसा तुम्ही दुसरीकडे लावला असता तर काही मिळालंच असतं. धंद्यात जोखीम जास्त, म्हणून तिथे जास्त मिळायला हवं. मालकाला मिळायला हवा तो परतावा म्हणजे मालकाच्या भांडवलाचा खर्च.

कंपनीत दोन प्रकारचा पैसा असतो, कर्जाचा आणि मालकांचा. दोघांचा खर्च त्यांच्या हिश्श्याप्रमाणे एकत्र केला की जो टक्का येतो, त्याला भांडवलाचा सरासरी खर्च म्हणतात. पुस्तकात याला 'डब्ल्यूएसीसी' म्हणतात. कर्जाचं व्याज खर्चात धरलं जातं आणि त्यावर कर वाचतो, म्हणून कर्जाचा खर्च कर वजा करून घ्यायचा. शीटमध्ये असं लिहा:

```
=B1/(B1+B2)*B3 + B2/(B1+B2)*B4*(1-B5)
```

B1 मध्ये मालकांच्या हिश्श्याची किंमत, B2 मध्ये कर्ज, B3 मध्ये मालकांना हवा असलेला परतावा, B4 मध्ये व्याजदर आणि B5 मध्ये कराचा दर.

उदाहरण: एक जिनिंग-प्रेसिंग कंपनी

समजा, वणीकडे एक जिनिंग-प्रेसिंग प्रायव्हेट लिमिटेड कंपनी आहे. ही आपण उदाहरणासाठी धरलेली कंपनी. कापूस घेते, रुईच्या गाठी बांधते, सरकी विकते. व्याज आणि कर द्यायच्या आधी वर्षाला 2 कोटी नफा होतो. हिशेब सोपा राहावा म्हणून हा नफा दरवर्षी सरासरी एवढाच राहील आणि कर 25 टक्के असं धरू. (सवलतीच्या दराचा पर्याय घेतलेल्या कंपनीला अधिभार आणि सेस धरून साधारण 25.17 टक्के पडतो.)

सुरुवातीला कर्ज अजिबात नाही. 2 कोटींवर 50 लाख कर गेला, मालकांना दीड कोटी उरले. या धंद्याच्या जोखमीला 15 टक्के परतावा हवा असं धरलं, तर कंपनीची किंमत 10 कोटी. कारण 10 कोटींचे 15 टक्के म्हणजे दीड कोटी.

आता एक भाऊ वेगळा होतो. कंपनी 10 टक्क्यांनी 4 कोटी कर्ज काढते आणि त्याचे शेअर परत घेते. लक्षात घ्या, जिनिंगमध्ये काहीच बदललं नाही. तीच मशीन, तोच कापूस, तेवढ्याच गाठी. बदललं ते फक्त पैसा कुणाचा आहे ते.

नफा 2 कोटी. व्याज 40 लाख. उरले 1 कोटी 60 लाख. त्यावर कर 40 लाख. मालकांना 1 कोटी 20 लाख.

आधी सरकारला 50 लाख जात होते, आता 40 लाख जातात. दरवर्षी 10 लाख वाचले. कर्ज कायम राहिलं तर ही बचतही कायम, आणि 10 टक्क्यांच्या दराने या बचतीची आजची किंमत 1 कोटी. म्हणून कंपनी 10 कोटींची 11 कोटींची झाली. त्यातले 4 कोटी कर्जाचे, 7 कोटी मालकांचे.

किंमत वाढली याचं कारण फक्त वाचलेला कर. कर्ज स्वस्त आहे म्हणून ती वाढली नाही. हाच मुद्दा बहुतेक जण चुकवतात.

मालकाचा पैसा महाग कसा होतो

चुकीचा हिशेब असा होतो: 60 टक्के मालकांचे, त्यावर 15 टक्के, म्हणजे 9. 40 टक्के कर्ज, करानंतर 7.5 टक्के, म्हणजे 3. सरासरी 12 टक्के. दीड कोटी भागिले 12 टक्के, कंपनीची किंमत साडेबारा कोटी! म्हणजे दीड कोटी हवेतून आले.

चूक कुठे झाली? मालकाला अजूनही 15 टक्क्यांवर समाधान आहे असं धरलं. पण बँकेला आधी द्यावं लागतं, मालकाला शेवटी उरेल ते मिळतं. समजा एका वर्षी कापसाची आवक कमी झाली आणि नफा 2 कोटींवरून दीड कोटीवर आला, म्हणजे 25 टक्के घटला. कर्ज नसताना मालकांच्या हातातली रक्कमही 25 टक्केच घटते. 4 कोटी कर्ज असताना ती 1 कोटी 20 लाखांवरून साडेब्याऐंशी लाखांवर येते, म्हणजे 31 टक्क्यांहून जास्त घट. धंदा तोच, पण मालकाला झटका मोठा. म्हणून त्याला जास्त परतावा हवा.

किती? 7 कोटींवर 1 कोटी 20 लाख म्हणजे 17.14 टक्के. आता पडताळून बघा. 11 पैकी 7 भाग 17.14 टक्क्यांनी, 4 भाग 7.5 टक्क्यांनी. सरासरी 13.64 टक्के. दीड कोटी भागिले 13.64 टक्के, बरोबर 11 कोटी. हिशेब जुळला.

हा विचार मोदिग्लियानी आणि मिलर या दोन अर्थशास्त्रज्ञांनी 1958 साली मांडला. कर नसेल तर कर्ज-भांडवलाच्या मिश्रणाने कंपनीची किंमत बदलतच नाही, असं त्यांनी दाखवलं. कराची दुरुस्ती त्यांनी 1963 साली केली.

कर्ज दुप्पट केलं तर?

नुसत्या कराच्या हिशेबाने 8 कोटी कर्जावर किंमत 12 कोटी व्हायला पाहिजे. प्रत्यक्षात बँक 10 टक्क्यांनी देणार नाही. 13 टक्के धरू. व्याज 1 कोटी 4 लाख. उरले 96 लाख, कर 24 लाख, मालकांना 72 लाख. आता नफा दीड कोटीवर आला तर मालकांची रक्कम निम्म्याहून जास्त घटते. नफा 1 कोटीवर आला तर व्याजच पुरत नाही, आणि नफा नसेल तर व्याजावर वाचायला करही नसतो. अशा कंपनीचे शेअर घेणारा 30 टक्के मागेल असा माझा अंदाज. मग 72 लाखांच्या नफ्यावर मालकांचा हिस्सा 2 कोटी 40 लाखांचा.

| कर्ज | व्याजदर | मालकांना हवा परतावा | सरासरी खर्च | कंपनीची किंमत |
|---|---|---|---|---|
| 0 | – | 15% | 15% | 10 कोटी |
| 4 कोटी | 10% | 17.14% | 13.64% | 11 कोटी |
| 8 कोटी | 13% | 30% | 14.42% | 10.4 कोटी |

सरासरी खर्च आधी उतरला, मग परत चढला. किंमत आधी वाढली, मग घसरली.

आणि 30 टक्के उगाच नाही. जिनिंगमध्ये सगळा खेळ हंगामाचा. कापूस येतो तेव्हा शेतकऱ्याला रोख द्यावी लागते. त्याच वेळी सीसी लिमिट भरलेली असेल आणि बँक वाढवून देत नसेल, तर कापूस शेजारच्या जिनिंगमध्ये जातो. मशीन चांगली असूनही हंगाम वाया. म्हणजे जास्त कर्ज फक्त टक्का वाढवत नाही, ते 2 कोटींच्या नफ्यालाच हात घालतं.

खरं उदाहरण: जैन इरिगेशन

ठिबक म्हटलं की आपल्या भागात जळगावच्या जैन इरिगेशनचं नाव येतंच. या कंपनीचा माल चांगला आणि मागणीही होती. पण विक्रीचा बराच पैसा येणं म्हणून अडकून राहायचा, आणि तो काळ कर्जावर काढावा लागायचा. 2019 मध्ये कंपनी देणी वेळेवर फेडू शकली नाही आणि पतमानांकन खाली आलं. त्यानंतर खेळतं भांडवल कमी पडलं आणि विक्रीही घटली. 2018 च्या सुरुवातीला शंभर रुपयांच्या वर असलेला शेअर 2020 पर्यंत एक आकडी झाला.

तक्त्यातली तिसरी ओळ इथे प्रत्यक्षात दिसते. कारखाना आणि ठिबकची गरज तीच होती, पण कर्जाच्या ओझ्याने मालकांच्या हिश्श्याची किंमत खाऊन टाकली. पुढे 2022 मध्ये कर्जाची पुनर्रचना झाली. 2023 मध्ये परदेशातला सिंचन व्यवसाय रिव्हुलिस कंपनीत विलीन करून कर्जाचा मोठा भाग उतरवला, आणि एकत्रित कंपनीत जैनकडे 22 टक्के हिस्सा राहिला. म्हणजे ओझं उतरवायला धंद्याचा एक भाग सोडावा लागला.

तुमच्या हिशेबात तीन गोष्टी तपासा

पहिली, B1 मध्ये ताळेबंदातलं भांडवल टाकू नका. वीस वर्षांपूर्वी टाकलेले 50 लाख आज 50 लाख राहिलेले नाहीत. हिस्सा आज विकला तर काय येईल ते टाका.

दुसरी, सीसी मार्चअखेरची घेऊ नका. हंगामात ती भरलेली आणि नंतर रिकामी असते. बारा महिन्यांची सरासरी घ्या.

तिसरी, नफा व्याजाच्या किती पट आहे ते वाईट वर्षाच्या नफ्यावर बघा. वरच्या कंपनीत 4 कोटी कर्जावर, नफा अर्धा झाला तरी तो व्याजाच्या अडीच पट आहे. 8 कोटींवर तो एक पटही नाही. तक्त्यातली कोणती ओळ तुमची, ते इथेच कळतं.

भागीदारी फर्म असेल तर एक फरक आहे. करारात तरतूद असेल तर भागीदारांच्या भांडवलावर 12 टक्क्यांपर्यंतचं व्याजही फर्मच्या खर्चात धरता येतं, आणि त्यावर कर भागीदार भरतो. म्हणजे कर वाचतो म्हणून कर्ज घ्या, हे कारण तिथे बरंच कमजोर पडतं. फर्मवाल्यांनी कंपनीचं गणित जसंच्या तसं उचलू नये.

शीट बनवा, तिन्ही ओळी स्वतःच्या आकड्यांनी भरा. अडलं तर व्हिडिओखाली आकडे लिहा, मी बघतो.