डिस्प्लेवर चार डिग्री, तरी दुधाची प्रत का उतरते?

सकाळी साडेआठला टँकर संस्थेच्या दारात लागतो. ड्रायव्हर बल्क कूलरच्या डिस्प्लेकडे बघतो, चलनावर ‘४.०’ लिहितो, पाईप जोडतो आणि अर्ध्या तासात निघून जातो. दोन दिवसांनी संघाकडून कळतं की तुमच्या दुधात जंतू वाढलेत, मिथिलिन ब्लूचा निळा रंग लवकर उडतोय. सचिव रजिस्टर काढून दाखवतात: रोज चार, रोज चार, रोज चार. मग चुकलं कुठे? बहुतेक वेळा उत्तर त्याच कूलरच्या लॉगमध्ये पडून असतं, पण लॉग बघताना सगळ्यांची नजर शेवटच्या आकड्यावर जाते. बिघाड दिसतो तो त्याच्या आधीच्या दोन-तीन तासांत.

गैरसमज: टँकर भरताना चार डिग्री होतं, म्हणजे दूध चांगलंच.

चार डिग्री हे त्या क्षणाचं तापमान आहे, रात्रभर काय झालं ते त्यात कळत नाही. थंडीने जंतू मरत नाहीत, त्यांची वाढ मंदावते, एवढंच. उबदार दुधात त्यांतले अनेक जंतू अर्ध्या तासाच्या आसपास दुप्पट होऊ शकतात. नुकत्याच काढलेल्या दुधात त्यांना रोखणारे नैसर्गिक घटक असतात, पण त्यांचा जोर साधारण दोन-तीन तासच टिकतो, आणि त्यातला तास-दीड तास तर धार काढणं, कॅन सायकलला लावणं आणि काट्यासमोर रांगेत थांबणं यातच जातो. उरलेल्या वेळात कूलरने दूध खाली आणलं तर आणलं. संध्याकाळचं दूध रात्री साडेनऊला चारवर आलं काय किंवा साडेअकराला आलं काय, सकाळी दोन्हीकडे ‘४.०’च दिसणार. त्या दोन तासांत वाढलेले जंतू मात्र दुधाबरोबर टँकरमध्ये गेलेले असतात.

कूलरकडून अपेक्षा काय धरायची, हे त्याच्या पाटीवर असतं. आपल्याकडच्या बऱ्याच कूलरवर ‘टू-बी-टू’ हा दर्जा छापलेला दिसतो. हे वर्गीकरण आयएसओ ५७०८ या मानकातलं आहे. पहिल्या दोनचा अर्थ टाकी दोन वेळच्या दुधासाठी आहे, म्हणजे एका वेळी अर्धी भरणार. ‘बी’ म्हणजे ही कामगिरी बाहेर ३२ डिग्री असताना मोजलेली आहे. शेवटच्या दोनचा अर्थ, ते दूध ३५ डिग्रीवरून ४ वर तीन तासांत यायला हवं. यातला ‘बी’ कुणी वाचत नाही. सोलापूरकडे किंवा मराठवाड्यात एप्रिलच्या संध्याकाळी पत्र्याच्या खोलीत ३२ कुठून असणार!

गैरसमज: थंड व्हायला रोजच्याइतकाच वेळ लागतोय, म्हणजे यंत्र ठीक आहे.

याच्याइतका महागात पडणारा गैरसमज दुसरा नाही, म्हणून एक हिशेब नीट करून बघू. आकडे उदाहरणाचे आहेत, पण दोन हजार लिटरच्या कूलरला शोभतील असे.

संकलन साडेसातला संपतं. तोवर टाकीतलं दूध बरंचसं उतरलेलं असतं, त्यामुळे आपण फक्त त्यानंतरचा एक टप्पा धरू: १५ डिग्रीवरून ५ वर यायला किती मिनिटं लागली? लॉगर दर पाच मिनिटांनी नोंद करत असेल तर हे दोन ओळी शोधण्याचं काम आहे. लॉगर नसेल तर डिस्प्लेवर १५ दिसलं की घड्याळ बघायचं आणि ५ दिसलं की पुन्हा बघायचं.

फेब्रुवारीत ९०० लिटर दुधाला ६३ मिनिटं लागली. मार्चच्या मध्यावर दूध ७०० वर आलं, वेळ ५६ मिनिटं. महिनाअखेर ६५० लिटर आणि ५९ मिनिटं. एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात ६०० लिटर, बरोबर एक तास. ऑपरेटरला विचाराल तर तो सांगेल, ‘तासाभरात होतंय की साहेब, नेहमीसारखं.’ आणि तो खोटं बोलत नसतो.

आता याच वेळांना दुधाने भागा. शंभर लिटरमागे फेब्रुवारीत ७ मिनिटं, मग ८, मग ९, आणि एप्रिलमध्ये १०. म्हणजे जे काम सात मिनिटांत व्हायचं त्याला दहा लागतायत. यंत्राची ताकद तीस टक्क्यांनी घटली आहे. वेळ तीच दिसत राहिली, कारण कृश काळ सुरू झाला आणि घटत्या दुधाने घटती ताकद झाकून घेतली. शेजारच्या खासगी डेअरीने दर पाडला आणि तिकडचे उत्पादक अचानक संस्थेकडे आले, की त्या दिवशी ९०० लिटर तीन तासांऐवजी सव्वाचार तास घेणार. तेव्हा सगळे म्हणतील, कूलर अचानक बसला. तो दोन महिने बसतच होता.

म्हणून रजिस्टरमध्ये ‘किती डिग्री’ या रकान्याशेजारी ‘शंभर लिटरमागे मिनिटं’ हा एकच रकाना वाढवावा असं मला वाटतं. लिटर तर संकलनाच्या यंत्रात आयतेच मिळतात. प्रत्येक कूलरचा आकडा वेगळा येईल, त्यामुळे दुसऱ्या संस्थेशी तुलना करण्यात अर्थ नाही. सर्व्हिसिंग झाल्यावरचा पहिला आठवडा हा आपला मूळ आकडा धरायचा, आणि तो दीडएक मिनिटाने वाढून तिथेच राहिला की मेकॅनिकला फोन करायचा.

फोन करण्याआधी लॉगकडून आणखी एक गोष्ट काढून घेता येते. सकाळचं दूध थंड हवेत गार होतं, संध्याकाळचं तापलेल्या खोलीत. सकाळचा वेग पूर्वीइतकाच आहे आणि संध्याकाळचा तेवढा ढासळलाय, तर पहिला संशय कंडेन्सरवर घ्या. त्याच्या पत्र्यांमध्ये धूळ आणि कडब्याचा भुसा गच्च बसलेला असतो, किंवा पंख्यासमोर कुणीतरी रिकाम्या कॅनची थप्पी लावलेली असते. उष्णता बाहेर पडायला जागा नाही, मग बाहेर ऊन वाढलं की यंत्र धापा टाकतं. फार चोंदलं तर दाब वाढून कॉम्प्रेसर ट्रिप होतो, आणि लॉगची उतरती रेघ जिन्यासारखी दिसते: थोडी उतरली, सपाट झाली, परत उतरली. ब्रशने आणि हवेने पत्रे साफ केल्यावर दुसऱ्याच दिवशी आकडा खाली यायला हवा. मात्र दोन्ही वेळचा वेग सारख्याच प्रमाणात दिवसागणिक घटत असेल, तर गॅस गळतोय का ते पाहायला सांगा. पाईपच्या जोडावर तेलाचा ओशट डाग दिसला तर शंकेला बळ मिळतं. नुसता गॅस भरून जाणारा मेकॅनिक महिन्याने पुन्हा येणार, हे उघड आहे. गळती शोधून जोड पक्का करणं हे खरं काम.

गैरसमज: जितक्या लवकर चार दिसेल तितकं उत्तम.

नऊशे लिटर दूध पंचवीस मिनिटांत पंधरावरून पाचवर आलं तर आनंद मानू नका. शंभर लिटरमागे तीन मिनिटं! काल सात लागत होती, आज कूलरला बळ आलं कुठून?

बहुतेक वेळा अॅजिटेटर, म्हणजे दूध ढवळणारा पंखा, बंद पडलेला असतो. या टाक्यांचा गारवा तळातून येतो आणि सेन्सरही खालच्या बाजूलाच बसवलेला असतो. ढवळणं थांबलं की तळाचं दूध झरझर गार होतं, सेन्सर ‘चार’ म्हणतो, थर्मोस्टॅट कॉम्प्रेसर बंद करतो, आणि वरचा थर कोमटच राहतो. तळाशी दूध गोठून बर्फाचा पापुद्रा धरण्याचीही भीती असते. लॉगमध्ये याची खूण ठरलेली आहे. सकाळी ऑपरेटर नमुना घेण्याआधी हाताने बटण दाबून दूध ढवळतो, आणि कॉम्प्रेसर बंद असताना, नवं दूध न पडता, तापमान ४ वरून एकदम ९ किंवा १० वर उडी मारतं. ती उडी म्हणजे रात्रभर वर थांबलेलं कोमट दूध खाली आलं. ही नोंद ‘सेन्सर गडबडला असेल’ म्हणून सोडून देण्याचा मोह सगळ्यांना होतो.

गैरसमज: तापमान वर गेलं, लाईट गेली, म्हणजे दूध गेलं.

सकाळच्या संकलनात तापमान चढणारच. टाकीतल्या चार डिग्रीच्या दुधात ३२-३३ डिग्रीचं दूध ओतल्यावर दुसरं काय होणार? कूलर चालू असेल तर ते दहाच्या वर जायला नको, आणि शेवटचा कॅन ओतल्यावर लगेच उतरायला लागायला हवं. दहाच्या वर गेलं तर दूध एकदम आलं का, की कॉम्प्रेसर उशिरा सुरू झाला, एवढं पाहावं. रात्री चार-पाचच्या मध्ये होणारी बारीक चढउतारही थर्मोस्टॅटची नेहमीची आहे.

लाईट जाण्याचं नुकसान मात्र ती कधी गेली यावर ठरतं. रात्री दोनला गेली, टाकी अर्धी भरलेली आणि चारवर आहे, तर जाड इन्सुलेशनमुळे तासा-दोन तासांत फारसा फरक पडत नाही. तीच लाईट संध्याकाळी सातला अर्ध्या तासासाठी गेली तर दूध ऐन विशीत अडकतं. जनरेटर सुरू व्हायला किती वेळ लागला हे म्हणूनच संकलनाच्या वेळचं तपासायचं. आणि चारला पोचलेली टाकी लाईट असताना, झाकण बंद असताना पहाटेपर्यंत सहावर गेली असेल, तर थर्मोस्टॅट वेळेवर कॉम्प्रेसर सुरू करतोय का हे बघायला हवं.

गैरसमज: डिस्प्ले दाखवतो तेच खरं.

वरचा सगळा हिशेब सेन्सरवर उभा आहे, आणि सेन्सर सरकतो. दोन डिग्री कमी दाखवणारा सेन्सर सहा डिग्रीच्या दुधाला चार म्हणतो, आणि कॉम्प्रेसरही तिथेच थांबवतो. ही चूक लॉगमध्ये कधीच दिसत नाही, कारण लॉग त्याच सेन्सरचा असतो.

तपासणी सोपी आहे. आधी हातातला डिजिटल थर्मामीटर पारखून घ्या: थर्मासमध्ये बर्फाचा चुरा गच्च भरून भिजेल इतकंच पाणी घाला, पाच मिनिटांनी त्यात थर्मामीटरने शून्य दाखवायला हवं. मग टाकीत पाच मिनिटं ढवळणं चालू ठेवून झाकणातून तोच थर्मामीटर, स्वच्छ धुऊन आणि निर्जंतुक करून, दुधाच्या मधोमध सोडा. डिस्प्ले आणि थर्मामीटर यांत अर्ध्या डिग्रीपेक्षा जास्त फरक असेल तर कंपनीच्या माणसाकडून सेन्सर दुरुस्त करून घ्या. तो येईपर्यंत जेवढा फरक आलाय तो तारखेसह रजिस्टरच्या त्या दिवसाच्या पानावर लिहा. हे महिन्यातून एकदा केलं तरी पुरतं, फक्त ऑपरेटर आणि तपासणारा ही दोन वेगळी माणसं असावीत.